सगळे संत एकच पाहतात का?

नावं वेगळी, वाटा वेगळ्या, पण पोचायचं ठिकाण एकच. हे वाक्य आपल्याकडे कीर्तनात ऐकू येतं, सर्वधर्मप्रार्थनेत ऐकू येतं, आणि लग्नाच्या पंगतीत धर्माचा विषय निघून आवाज चढू लागले की वाद मिटवायलाही तेच कामी येतं. सौजन्य म्हणून ते उत्तम आहे. पण ते वस्तुस्थितीचं वर्णन म्हणून कुणी केलं, तर त्याला पुरावा मागावा लागतो. समाधीतला योगी, मठातली ख्रिस्ती साध्वी, ‘अनल हक’ म्हणणारा सूफी आणि विठ्ठलाच्या पायी लीन झालेला वारकरी यांना आतून खरोखर एकच अनुभव येतो का? की प्रत्येकाचा अनुभव त्याच्या धर्माने, भाषेने आणि साधनेने आधीच घडवलेला असतो?

गूढानुभवाच्या अभ्यासात या प्रश्नावर दोन पक्ष आहेत. पहिल्याला शाश्वतवादी म्हणू. त्यांच्या मते सर्व धर्मांच्या तळाशी एकच शाश्वत तत्त्वज्ञान आहे आणि गूढानुभव हा त्याचा साक्षीदार. दुसरा पक्ष रचनावाद्यांचा. शाळेतला ज्ञानरचनावाद शिक्षकांच्या परिचयाचा आहे; हा त्याचाच भाऊबंद. अनुभव कधीच कोरा मिळत नाही, तो मनात आधीपासून असलेल्या कल्पनांच्या साहाय्याने रचला जातो, असं त्यांचं म्हणणं.

हा वाद नुसत्या तत्त्वांच्या पातळीवर मांडला तर हवेत राहतो. म्हणून एका माणसाची गोष्ट घेऊ. ह्यूस्टन स्मिथ हे तुलनात्मक धर्माभ्यासातलं मोठं नाव. १९१९ साली चीनमध्ये मिशनरी आईवडिलांच्या पोटी जन्म, पुढे अमेरिकेत प्राध्यापकी. जगातल्या धर्मांची ओळख करून देणारं त्यांचं १९५८चं पुस्तक आजही वाचलं जातं. स्मिथ स्वतः पक्के शाश्वतवादी होते. आणि गंमत अशी की शाश्वतवादाला सर्वांत अडचणीत टाकणारा पुरावा, मला विचाराल तर, त्यांच्याच दोन अनुभवांत आहे.

१९६०च्या शरद ऋतूत स्मिथ शिकवत होते त्या एमआयटीमध्ये ऑल्डस हक्स्ली पाहुणे प्राध्यापक म्हणून आले. हक्स्लींचं ‘द पेरेनियल फिलॉसॉफी’ १९४५ साली आलेलं. जगभरच्या संतवचनांची निवड करून, त्यांना एका सूत्रात ओवून, सगळ्यांचा मथितार्थ एकच असं दाखवणारं ते पुस्तक. १९५३ साली हक्स्लींनी मेस्कलीन हे निवडुंगात सापडणारं द्रव्य घेऊन पाहिलं होतं आणि त्यावर एक छोटं पुस्तक लिहून खळबळ उडवली होती. हक्स्लींच्या ओळखीने स्मिथ हार्वर्डच्या टिमथी लीअरीपर्यंत पोचले, आणि १ जानेवारी १९६१ रोजी लीअरीच्या घरी त्यांनी मेस्कलीन घेतलं.

त्या दिवशी स्मिथना काय दिसलं? एका मूळ, अखंड प्रकाशातून अस्तित्वाचे थर खाली खाली उतरत जातात, वरचा थर शुद्ध आणि खालचा अधिकाधिक संकुचित, अशी विश्वाची रचना. ज्याने पाश्चात्त्य तत्त्वज्ञान वाचलं आहे तो लगेच ओळखेल: हा तिसऱ्या शतकातल्या प्लॉटिनसचा सिद्धान्त. स्मिथनीही ओळखला. आजवर पुस्तकात वाचलेलं आज प्रत्यक्ष पाहिलं, अशी त्यांची भावना झाली. त्या विश्वात परमतत्त्व होतं, पण माणसाशी बोलणारा, माया करणारा देव नव्हता.

सव्वा वर्षाने, २० एप्रिल १९६२ रोजी, गुड फ्रायडेला, स्मिथ बॉस्टन विद्यापीठाच्या मार्श चॅपेलमध्ये होते. वॉल्टर पान्के हा तरुण डॉक्टर हार्वर्डमध्ये पीएच.डी. करत होता आणि त्याने एक धाडसी प्रयोग आखला होता. धर्मशास्त्र शिकणारे २० विद्यार्थी घ्यायचे. दहा जणांना ३० मिलिग्रॅम सायलोसायबिन, म्हणजे विशिष्ट अळंबीत सापडणारं द्रव्य, द्यायचं. उरलेल्या दहांना निकोटिनिक आम्ल, ज्याने अंग नुसतं गरम होतं. कुणाला काय मिळालं हे कुणालाच सांगायचं नाही. सगळ्यांना तळघरातल्या छोट्या प्रार्थनागृहात बसवायचं. वर मुख्य चॅपेलमध्ये रेव्हरंड हॉवर्ड थर्मन यांची अडीच तासांची उपासना चालू होती आणि ती ध्वनिवर्धकावरून खाली ऐकवली जात होती. गुपित काही फार वेळ टिकलं नाही. अर्ध्या तासात कोण नुसता लाल झाला आहे आणि कोण जमिनीवर आडवा होऊन छताकडे बघतो आहे, हे सगळ्यांना दिसू लागलं.

स्मिथ तिथे विद्यार्थ्यांचे सोबती म्हणून होते आणि त्यांनाही सायलोसायबिन मिळालं होतं. या वेळी थर नाहीत, प्लॉटिनस नाही. उपासनेत एका स्त्रीचं एकल गायन सुरू झालं आणि त्या स्वरातून स्मिथना देव भेटला. व्यक्तिरूपाने, प्रेम करणारा देव. पुढे त्यांनी लिहिलं की भक्तिमार्गी लोक ज्या प्रकारच्या भेटीबद्दल बोलतात तशी भेट आपल्याला त्या दिवसापर्यंत झालीच नव्हती. आधीचे अनुभव निर्गुणाचे होते, हा सगुणाचा.

माणूस तोच. द्रव्यं वेगळी असली तरी त्यांची जात एक. मग अनुभव एवढा का बदलला? तत्त्वज्ञान घोळवणाऱ्या मंडळींच्या बैठकीत तत्त्वज्ञान दिसलं, गुड फ्रायडेच्या उपासनेत ख्रिस्ती देव भेटला. रचनावाद्याला आणखी काय हवं?

पण पान्केने प्रयोगाचा निष्कर्ष काढला तो वेगळाच. सायलोसायबिन मिळालेल्या बहुतेकांना ‘गूढानुभव’ आला, आणि तो जगभरच्या संतांनी वर्णन केलेल्या अनुभवासारखाच होता. हा निष्कर्ष कसा निघाला हे नीट बघण्यासारखं आहे, कारण पुढच्या साठ वर्षांचं बरंचसं संशोधन त्याच वाटेने गेलं.

पान्केने अनुभव मोजायला नऊ लक्षणांची प्रश्नावली केली. एकत्वाची जाणीव, स्थलकालाच्या पलीकडे जाणं, आनंद किंवा शांती, पावित्र्याची भावना, ‘हेच खरं’ अशी खात्री, विरोधाभास, शब्दांत न मावणं, क्षणिकता, आणि पुढे आयुष्यात टिकणारे चांगले बदल. यादी आली कुठून? क्षणिकता विल्यम जेम्सकडून आली, ज्यांच्या १९०२च्या व्याख्यानग्रंथापासून हा सारा अभ्यास सुरू झाला. बाकीची बहुतेक यादी आली वॉल्टर स्टेस यांच्याकडून. स्टेस हे ब्रिटिश. सिलोनच्या मुलकी सेवेत वीसेक वर्षं काढली, कोलंबोचे महापौर झाले, मग प्रिन्स्टनला तत्त्वज्ञान शिकवलं. १९६० साली त्यांनी ‘मिस्टिसिझम अँड फिलॉसॉफी’ लिहिलं. त्यातला युक्तिवाद असा: अनुभव वेगळा आणि त्याचा अर्थ लावणं वेगळं. ख्रिस्ती म्हणतो ‘देवाशी मीलन झालं’, वेदान्ती म्हणतो ‘ब्रह्म झालो’. दोघांनीही आपापल्या धर्माचा अर्थ चढवला. तो अर्थ सोलून काढला की आत राहतो तो निराकार, निर्भेद ऐक्याचा अनुभव, आणि तो सगळीकडे सारखा.

आता साखळी बघा. स्टेसनी निरनिराळ्या धर्मांतले उतारे घेतले, त्यांतला धर्मविशिष्ट भाग ‘अर्थ लावणं’ म्हणून वगळला, उरलेल्या समान भागाची यादी केली. पान्केने त्या यादीची प्रश्नावली केली. प्रश्नावलीतून समान अनुभव निघाला, आणि तो स्टेसच्या सिद्धान्ताचा पुरावा ठरला. चाळणीची भोकं आपणच ठरवायची आणि मग खाली पडलेलं सगळं एकाच आकाराचं आहे म्हणून आश्चर्य करायचं, असा हा प्रकार. स्मिथना भेटलेला प्रेमळ देव, ते गाणं, गुड फ्रायडे, यांपैकी कशालाही या नऊ रकान्यांत स्वतःची जागा नाही. ‘पावित्र्य’ आणि ‘आनंद’ एवढं खाली पडलं, देव वरच अडकून राहिला.

आणि देवच नव्हे, भीतीही अडकली. रिक डॉब्लिन यांनी पंचवीसेक वर्षांनी त्या विद्यार्थ्यांना शोधून काढलं आणि १९९१ साली आपला शोध प्रसिद्ध केला. बहुतेकांनी त्या दिवसाचं मोल आजही वाटतं असं सांगितलं, हे आधी प्रामाणिकपणे नोंदवायला हवं. पण अनेकांनी त्या दुपारचे घाबरवून टाकणारे क्षणही सांगितले, ज्यांचा पान्केने फारसा उल्लेख केला नव्हता. एक विद्यार्थी तर मसीहा येतो आहे ही वार्ता जगाला देण्यासाठी आपली निवड झाली आहे अशा समजुतीने इमारतीबाहेर रस्त्यावर धावला होता. त्याला धरून आणून थोराझिनचं इंजेक्शन द्यावं लागलं. प्रबंधात ही घटना नव्हतीच. त्या तरुणाचा अनुभव अस्सल ख्रिस्ती घाटाचा होता: प्रेषित होणं, सुवार्ता देणं. निर्भेद ऐक्य शोधणाऱ्या चाळणीला त्याचं काय करावं हे कळलं नाही.

ही जुनी गोष्ट झाली, आता शास्त्र पुढे गेलं असेल, असं कुणाला वाटेल. २००६ साली जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात रोलंड ग्रिफिथ्स यांच्या गटाने कितीतरी अधिक शिस्तीने प्रयोग केला. ३६ जण, तुलनेला मिथाइलफेनिडेट हे उत्तेजक, डोळ्यांवर पट्टी, कानाला हेडफोन, त्यावर निवडक संगीत. ३६पैकी २२ जणांना ‘पूर्ण गूढानुभव’ आला. पण ‘पूर्ण’ म्हणजे काय, हे ठरवणारी प्रश्नावली पान्केच्याच वंशातली होती. आज सर्रास वापरली जाणारी ३० प्रश्नांची आवृत्तीही त्याच घराण्यातली. शिवाय हे ३६ जण धार्मिक किंवा आध्यात्मिक उपक्रमांत नियमित भाग घेणारेच होते. अनुभव खोटा होता असं मी म्हणत नाही. सगळ्यांना सारखाच अनुभव आला, हे या पद्धतीने सिद्ध होऊ शकत नाही, एवढंच माझं म्हणणं आहे.

स्टेसच्या युक्तिवादावर खरा घाव घातला तो स्टीव्हन कात्झ यांनी, १९७८ साली, एका दीर्घ निबंधात. कात्झ म्हणाले, अनुभव आधी आणि अर्थ नंतर, ही कल्पनाच चूक आहे. मध्यस्थाशिवाय, कोरा, शुद्ध असा अनुभवच नसतो. हिंदू साधक आधी काहीतरी अनाम अनुभवतो आणि मग त्याला ‘ब्रह्म’ ही चिठ्ठी लावतो, असं घडत नाही. वर्षानुवर्षांचं श्रवण, मनन, गुरूचा उपदेश, साधनेचा क्रम, कशाची वाट बघायची याचं शिक्षण, या सगळ्यातून त्याचा अनुभवच घडतो. बौद्ध भिक्षू दुःखाच्या समाप्तीची साधना करतो म्हणून त्याला निर्वाण मिळतं. तो कुणा व्यक्तिरूप देवाच्या मिठीत जात नाही. ज्यू साधकाला देव आणि जीव कधी एक होत नाहीत असंच शिकवलेलं असतं. म्हणून तो देवाला चिकटतो, बिलगतो, पण विलीन होत नाही.

कात्झना बळ देणारी उदाहरणं मागेही सापडतात. रिचर्ड मॉरिस बक हे कॅनडाचे मनोविकारतज्ज्ञ. १८७२च्या वसंतात ते इंग्लंडमध्ये होते. मध्यरात्री मित्रांचा निरोप घेऊन घोडागाडीतून मुक्कामी परतत असताना अचानक त्यांना ज्वाळेच्या रंगाच्या ढगाने वेढल्यासारखं झालं. क्षणभर वाटलं, शहरात कुठेतरी मोठी आग लागली. दुसऱ्या क्षणी कळलं, की हा उजेड आपल्याच आत आहे. मग अपार हर्ष, आणि पाठोपाठ ज्ञान: विश्व मृत नाही, जिवंत आहे, आत्मा अमर आहे, सगळ्याचा पाया प्रेम आहे. ना गुरू, ना साधना, ना मठ. शाश्वतवाद्यांना हे उदाहरण फार प्रिय आहे, कारण इथे अनुभव घडवणारी कुठलीच परंपरा दिसत नाही. पण बक यांनीच लिहून ठेवलं आहे, की ती संध्याकाळ त्यांनी दोन मित्रांबरोबर वर्ड्‌स्वर्थ, शेली, कीट्स, ब्राउनिंग आणि विशेषतः वॉल्ट व्हिटमन वाचण्यात घालवली होती. जिवंत विश्व, अमर आत्मा, प्रेमाचा पाया, हे सगळं त्या संध्याकाळी टेबलावर होतंच. बक पुढे व्हिटमनचे स्नेही आणि चरित्रकार झाले.

उलट बाजूचंही एक उदाहरण. ऑक्सफर्डचे आर. सी. झेनर कॅथलिक पंथात आलेले, आणि हक्स्लींवर भयंकर रागावलेले. औषध घेऊन देव भेटतो म्हणजे काय! १९५५ साली त्यांनी स्वतः मेस्कलीन घेतलं. त्यांना सगळं जग हास्यास्पद दिसलं, हसू आवरेना, आणि देव काही आला नाही. जो जे अपेक्षितो तो ते पाहो, असंच म्हणायचं.

इथवर मी कात्झच्या बाजूने बोललो. पण त्यांच्या निबंधातलं एक वाक्य मला बोचतं. शुद्ध अनुभव नसतो हे विधान कात्झ निष्कर्ष म्हणून मांडत नाहीत, आपलं ज्ञानशास्त्रीय गृहीतक म्हणून मांडतात. आणि मग पुढची सगळी उदाहरणं त्या गृहीतकाच्या उजेडात वाचतात. हा स्टेसच्याच जातीचा दोष झाला. एकाने सगळे फरक ‘अर्थ’ म्हणून बाजूला काढले, दुसऱ्याने सगळी साम्यं ‘वरवरची’ म्हणून.

त्यांचं ज्यू उदाहरण तर दहा वर्षांत ढासळलं. ज्यू गूढवादात देवाशी पूर्ण ऐक्य जवळजवळ नाहीच, हे मत गेर्शोम शोलेम यांच्या अधिकारामुळे रूढ झालं होतं आणि कात्झ त्याच मळलेल्या वाटेने गेले. १९८८ साली मोशे इडेल यांनी हस्तलिखितं धुंडाळून दाखवलं, की तेराव्या शतकातल्या अब्राहम अबुलाफियापासून पुढच्या हसिदी गुरूंपर्यंत अनेक ज्यू साधकांनी ऐक्याची भाषा अगदी उघडपणे वापरली आहे. जे शिकवणीत बसत नव्हतं ते अनुभवाच्या वर्णनात होतंच. तसेच माइस्टर एकहार्ट. जीव पूर्णपणे देवात पालटतो, या आशयाचं त्यांचं विधान ज्या फतव्यात निषिद्ध ठरलं तो पोपने काढला १३२९ साली, एकहार्ट वारल्यानंतर. हल्लाजला बगदादमध्ये ९२२ साली मारण्यात आलं. परंपरा अनुभवाला साचा पुरवत असेल, तर साचा फोडून बाहेर पडणारे हे लोक कुठून आले?

रचनावाद्यांकडे उत्तर आहे. एकहार्टनी नवप्लेटोवादी ग्रंथ वाचले होते, परंपरा एकजिनसी नसते, साचेही एकापेक्षा जास्त असतात. उत्तर खोटं नाही. पण मग कुठल्याही अनुभवाला नंतर मागे जाऊन एखादा साचा शोधून काढता येतो. स्मिथना प्लॉटिनस दिसला, तर त्यांनी तो वाचला होता. देव भेटला, तर ते चॅपेलमध्ये होते. समजा उलट घडलं असतं, लीअरीच्या घरी देव आणि चॅपेलमध्ये प्लॉटिनस, तर? तेव्हाही मिशनऱ्यांच्या घरातलं बालपण आणि प्राध्यापकाचं वाचन हाताशी होतंच. कुठल्याच निकालाने जो सिद्धान्त अडचणीत येत नाही, तो सिद्धान्त आपल्याला काही नवं सांगतही नाही.

शाश्वतवाद्यांच्या नव्या पिढीने हा कच्चा दुवा हेरला. रॉबर्ट फोरमन यांनी १९९० साली संपादित केलेल्या ग्रंथात मागणी खूपच कमी केली. सगळे गूढानुभव सारखे आहेत असं ते म्हणत नाहीत. दर्शनं, नाद, प्रकाश, देवाशी संवाद, हे सगळं संस्कृतीने घडवलेलं असेल, मान्य. पण एक अवस्था अशी आहे की जाग आहे आणि जाणिवेत विषय काहीच नाही. ना प्रतिमा, ना विचार, ना भावना. जिथे काही नाहीच, तिथे संस्कृतीने रचलं काय? हिंदू रितेपण आणि ख्रिस्ती रितेपण यांत फरक कसा करणार?

हा प्रश्न बिनतोड वाटतो, आणि मला तो कात्झविरुद्धचा सर्वांत चांगला मुद्दा वाटतोही. योगसूत्रांच्या वाचकाला असंप्रज्ञात समाधी आठवेल. तरी दोन अडचणी राहतात. एक, त्या अवस्थेत काहीच नव्हतं तर तिची आठवण कशाची? बाहेर आल्यावर ‘मी जागा होतो’ असं जो सांगतो तो ते आठवून सांगतो की अनुमानाने, हे ठरवणं कठीण आहे. गाढ झोपेबद्दल वेदान्ती आणि नैयायिक यांच्यात नेमका हाच वाद शतकानुशतकं चालला होता. दोन, फोरमन स्वतः भावातीत ध्यानाचे साधक होते, आणि त्या परंपरेत विषयरहित शुद्ध जाणीव हेच ध्येय म्हणून शिकवलं जातं. शिकवलेलंच सापडलं, असं म्हणायला रचनावादी मोकळा.

समजा अडचणी सुटल्या आणि ती अवस्था सगळीकडे आढळली. तरी शाश्वतवाद्याच्या पदरात काय पडतं? मेंदू जागा राहून विषयरहित होऊ शकतो, ही माणसाच्या मनाबद्दलची एक मोलाची माहिती. तिच्यातून देव आहे हे निघत नाही, आणि नाही हेही निघत नाही. सगळे धर्म एकच सांगतात हे तर मुळीच निघत नाही, कारण जिथे काहीच सांगण्यासारखं नाही तिथे एकमत होणं सोपं आहे.

आपल्या मराठी मुलखातही या वादाचं एक मोठं प्रकरण पडून आहे. गुरुदेव रा. द. रानडे यांचं ‘मिस्टिसिझम इन महाराष्ट्र’ १९३३ साली आलं. ज्ञानेश्वरांपासून रामदासांपर्यंतच्या संतांचा गूढवादी म्हणून इतका तपशिलात अभ्यास त्याआधी इंग्रजीत झाला नव्हता. रानडे शाश्वतवादी होते. देशोदेशीचे गूढवादी मिळून एकच कुळ, अशी त्यांची धारणा. संतांच्या वाङ्मयातून रूप, रंग, प्रकाश, नाद अशा अतींद्रिय अनुभवांचे उल्लेख त्यांनी वेचून काढले. पण रानडे नुसते अभ्यासक नव्हते, ते निंबाळला नामसाधना करणारे साधक होते, उमदीच्या भाऊसाहेब महाराजांचे शिष्य. त्यांच्या संप्रदायात या खुणांना साधनेतल्या प्रगतीचं महत्त्व आहे. संतांमध्ये काय शोधायचं हे त्यांच्या साधनेने त्यांना शिकवलं होतं. यात कमीपणा काही नाही. आतला माणूस बघतो ते बाहेरच्याला दिसतही नाही. पण निवड झाली हे खरं.

तुकोबा त्या निवडीतून पूर्ण मावत नाहीत. काही अभंगांत ते देव आणि भक्त यांतला भेद पुसून टाकतात. इतर अभंगांत ते मोक्ष नाकारतात, पुन्हा जन्म मागतात, कारण एक झाल्यावर भक्तीचं सुख घ्यायला उरणार कोण? स्टेसच्या हाती हे दिलं तर ते पहिल्या प्रकाराला अनुभव म्हणतील आणि दुसऱ्याला भक्तिमार्गी अर्थ. कात्झच्या हाती दिलं तर ते दोन्हींना परंपरेचे दोन साचे म्हणतील. दोघांचंही एका गोष्टीकडे लक्ष जाणार नाही: तुकोबा दोन्ही जाणून निवड करताहेत. ऐक्य माहीत असलेला माणूस ऐक्याला नकार देतो आहे. हा नकार अनुभवाचाच भाग आहे, वरून चढवलेला अर्थ नव्हे, आणि तो कुणी शिकवला म्हणून आलेला साचाही नव्हे.

मग माझा कौल कुणाला? पद्धत म्हणून रचनावादाला. एखाद्या साक्षात्काराचं वर्णन समोर आलं की त्या माणसाने आधी काय वाचलं, काय ऐकलं, कुठे बसला होता, कशाची वाट बघत होता, हे विचारलंच पाहिजे. बकच्या टेबलावरचा व्हिटमन दुर्लक्षून चालत नाही. पण नियम म्हणून रचनावाद मला मान्य नाही. अनुभव कधीच साच्याबाहेर जाऊ शकत नाही, हे अजून कुणी दाखवलेलं नाही. आणि शाश्वतवाद, त्याच्या मूळ मोठ्या दाव्यात, मला टिकत नाही असं वाटतं. ह्यूस्टन स्मिथ यांनाही ते उमगलं असावं. १९८७ साली कात्झना उत्तर देताना त्यांनी भूमिका घेतली, की शाश्वत तत्त्वज्ञान मुळात गूढानुभवांच्या साम्यावर उभंच नाही. ते बुद्धीला उमगणाऱ्या तत्त्वावर उभं आहे. उत्तर चतुर होतं. पण ज्या साक्षीदाराच्या जोरावर हक्स्ली आणि स्टेस खटला लढले, त्यालाच त्यांनी पिंजऱ्यातून खाली उतरवलं.

हा वाद पुराव्याने थोडा तरी पुढे सरकू शकतो. प्रयोगशाळांनी आणि साधनाकेंद्रांनी एवढं करावं: अनुभवानंतर लगेच, प्रश्नावली समोर ठेवण्याआधी, माणसाकडून त्याच्या भाषेत, हवं तेवढं मोकळं वर्णन घ्यावं. त्यातले देवांचे आणि ग्रंथांचे उल्लेख झाकावेत. मग कुठल्या परंपरेतल्या माणसाचं कुठलं वर्णन, हे अनोळखी परीक्षकांना ओळखायला सांगावं. नावं झाकली तरी भाषेचा बाज राहतोच, त्यामुळे हे काम किचकट आहे. पण परीक्षकांना ते अंदाजापेक्षा चांगलं जमलं नाही, तर मी माझा कौल फिरवीन. तोवर ‘सगळे संत एकच सांगतात’ असं कुणी म्हणालं, तर एवढंच विचारा, की हे ठरवताना त्यांच्या सांगण्यातलं काय काय वगळलं?